१६ शब्दांत एक गाडी: जुन्या गाड्यांच्या डीलरने छोटी जाहिरात कशी लिहावी

छोट्या जाहिरातींच्या पानावर शब्द मोजून पैसे घेतले जातात. बहुतेक ठिकाणी ठराविक शब्दांपर्यंत एकच दर असतो आणि त्यापुढच्या प्रत्येक शब्दाला वेगळा आकार पडतो. काही वर्तमानपत्रे शब्दांऐवजी ओळी मोजतात. ठळक अक्षरे, चौकट, रंगीत पार्श्वभूमी यांचे पैसे निराळे. जाहिरात रोज देणाऱ्या डीलरच्या बाबतीत हे शब्द महिनाअखेरीस बरेच साठतात. म्हणून कमी शब्दांत लिहायचे हे सगळ्यांनाच पटते, पण कोणते शब्द काढायचे इथे गाडी अडते. घाईत बऱ्याचदा किंमत किंवा किलोमीटर उडवले जातात आणि ‘सुवर्णसंधी’ जागच्या जागी राहते.

शब्द ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. हा शब्द वाचून कोणी फोन करायचा किंवा करायचा नाही असे ठरवेल का? ठरवत असेल तर शब्द ठेवावा. ‘ऑटोमॅटिक’ वाचून हाताने गिअर टाकणारी गाडी हवी असलेला माणूस पुढच्या जाहिरातीकडे जातो आणि ऑटोमॅटिकच शोधणारा थांबतो. दोघांनाही एका शब्दात उत्तर मिळाले. ‘उत्तम स्थितीत’ वाचून मात्र कोणीच थांबत नाही आणि कोणीच पुढे जात नाही, कारण वरच्या आणि खालच्या जाहिरातीतही तेच लिहिलेले असते. ‘खराब स्थितीत’ अशी जाहिरात कोणी देत नाही. ज्या शब्दाच्या उलट शब्द कोणी कधी छापणार नाही, त्या शब्दातून वाचकाला काहीच कळत नाही.

गाडी छोट्या जाहिरातीमुळे विकली जात नाही. ती विकली जाते समोरासमोर, गाडी चालवून पाहिल्यावर. जाहिरातीचे काम योग्य माणसाचा फोन आणण्यापुरते आहे. हे एकदा मनाशी पक्के केले की गाडीची सगळी माहिती छापण्याचा हट्ट आपोआप सुटतो. रंग, म्युझिक सिस्टीम, सीटकव्हर या गोष्टी फोनवर सांगता येतात. पण आपल्याला हवी तीच ही गाडी आहे का आणि ती आपल्या ऐपतीतली आहे का, हे फोन उचलण्याआधीच वाचकाला कळले पाहिजे.

आधी गाडी निवडायची

डीलरची अडचण घरगुती विक्रेत्यापेक्षा वेगळी असते. त्याच्या आवारात १५-२० गाड्या उभ्या असतात आणि सगळ्यांचा उल्लेख व्हावा असे त्याला वाटते. मग ‘सर्व प्रकारच्या जुन्या गाड्या योग्य दरात मिळतील’ अशी जाहिरात तयार होते. हे ७ शब्द झाले आणि त्यात एकही गाडी नाही. गाडी शोधणारा माणूस रकान्यातून नजर फिरवताना ‘सर्व प्रकारच्या’ शोधत नसतो. त्याच्या डोक्यात एखाद्या मॉडेलचे नाव असते किंवा निदान आकार आणि बजेट असते. त्याची नजर नावावर आणि आकड्यावर अडकते.

म्हणून एका जाहिरातीत एकच गाडी द्यावी आणि बाकीच्यांसाठी शेवटी ‘इतर १५ गाड्या’ एवढे तीन शब्द पुरेत. या तीन शब्दांतून दोन गोष्टी साधतात. ती गाडी पसंत पडली नाही तरी येण्यात अर्थ आहे हे वाचकाला कळते आणि समोर घरगुती विक्रेता नसून डीलर आहे हेही आपोआप स्पष्ट होते. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. डीलर असल्याचे लपवून घरची गाडी असल्यासारखी जाहिरात देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. शिवाय आवारात पाय ठेवताच ती उघडी पडते आणि त्यानंतर सांगितलेल्या कोणत्याच गोष्टीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही.

गाडी निवडताना लोक नावाने शोधतात असे मॉडेल घ्यावे. नाव ओळखीचे असेल तर वर्णनाचे शब्द वाचतात. क्वचित दिसणाऱ्या गाडीला ती केवढी आहे, किती माणसे बसतात, हे सांगण्यात तीन-चार शब्द खर्ची पडतात. अशी गाडी शब्दाने मोजल्या जाणाऱ्या जाहिरातीत सहसा परवडत नाही. ती फोटो टाकता येईल अशा ठिकाणी द्यावी.

निवडलेली गाडी जाहिरात छापून येईपर्यंत आवारात राहिली पाहिजे, हा विचार हमखास राहून जातो. मजकूर छपाईच्या एक-दोन दिवस आधी द्यावा लागतो. तेवढ्यात गाडी विकली गेली तर फोन येत राहतात आणि ‘ती गेली, पण दुसरी दाखवतो’ असे उत्तर द्यावे लागते. फोन करणाऱ्याला ते आमिष वाटते आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. यावर दोन उपाय आहेत. जिच्या जोडीची, जवळपास त्याच वर्षाची आणि किमतीची दुसरी गाडी आवारात आहे अशीच गाडी निवडावी. नाहीतर मजकूर रद्द करण्याची शेवटची वेळ वर्तमानपत्राच्या काउंटरवर आधीच विचारून ठेवावी आणि त्या वेळेपर्यंत सौदा पक्का करू नये किंवा झालाच तर लगेच कळवावे.

४७ शब्दांचा मसुदा

आता एक मसुदा घेऊन तो कापून पाहू. गाडी आहे टोयोटा कोरोला. नावाच्या जागी ‘अमुक मोटर्स’ आणि क्रमांकाच्या जागी ‘फोन’ लिहिले आहे. फोन क्रमांक सलग लिहिला तर तो सहसा एकच शब्द धरला जातो.

‘सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! उत्तम स्थितीत असलेली, एकाच मालकाने वापरलेली टोयोटा कोरोला कार, मॉडेल २०१८, पेट्रोल, ऑटोमॅटिक गिअर, फक्त बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली, अत्यंत वाजवी दरात त्वरित विकणे आहे. चारही टायर नवीन. कर्जाची सोय. आमच्याकडे इतरही अनेक उत्तम गाड्या उपलब्ध. आजच भेट द्या किंवा संपर्क साधा: अमुक मोटर्स, फोन.’

मोजले तर ४७ शब्द भरतात. एवढ्यात किंमत मात्र कुठेच नाही.

पहिली कात्री रकान्याच्या शीर्षकाने चालवायची. ही जाहिरात ‘वाहने विक्री’ या शीर्षकाखाली येणार आहे. विकणे आहे आणि ती कार आहे, हे शीर्षकाने आणि ‘कोरोला’ या नावाने सांगून झाले. म्हणून ‘कार’, ‘विकणे’, ‘आहे’ हे तीन शब्द गेले. सालाच्या आधीचा ‘मॉडेल’ हा शब्दही गेला, कारण गाडीच्या नावापुढे २०१८ दिसले की ते काय आहे हे कोणालाही कळते. उरले ४३. ‘विकणे आहे’ ही जोडी मराठी जाहिरातीत इतकी मुरलेली आहे की ती काढताना चुकल्यासारखे वाटते, पण विक्रीच्या रकान्यात तिची गरज नाही. मजकूर चुकीच्या रकान्यात पडला तर मात्र ही सगळी काटकसर फसते. त्यामुळे शीर्षक कोणते हवे ते फॉर्मवर स्वतः लिहून द्यावे.

दुसरी कात्री पोकळ शब्दांवर. दोन्ही ‘सुवर्णसंधी’, ‘उत्तम स्थितीत असलेली’, ‘फक्त’, ‘अत्यंत वाजवी दरात’ आणि ‘त्वरित’ मिळून १० शब्द होतात. ‘फक्त’ची गंमत अशी की कमी की जास्त हे वाचक आकड्यावरून स्वतःच ठरवतो. २०१८च्या गाडीला ४२ हजार किलोमीटर कमी आहेत हे ज्याला कळते त्याला ‘फक्त’ लागत नाही आणि ज्याला कळत नाही त्याचे मत ‘फक्त’मुळे बदलत नाही. ‘त्वरित’ हा शब्द तर पैसे देऊन स्वतःचे नुकसान करतो. वाचकाला त्यातून विक्रेता अडलेला आहे असे ऐकू येते आणि तो घासाघीस करायची म्हणूनच येतो. उरले ३३.

मग ‘आजच भेट द्या किंवा संपर्क साधा’ हे सहा शब्द. खाली फोन क्रमांक छापलेला असताना त्याचे काय करायचे हे वाचकाला सांगावे लागत नाही. उरले २७.

इथपर्यंतची कापणी सोपी होती, कारण काढलेल्या शब्दांत माहितीच नव्हती. उरलेल्या २७ शब्दांत माहिती आहे, ती आता आवळायची.

मराठीत शब्द कसे वाचवायचे

या कामात मराठीची घडण आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘स्टेशनजवळ’ हा एक शब्द आहे, ‘स्टेशनच्या जवळ’ हे दोन. ‘विम्यासह’ एक, ‘विमा उतरवलेली’ दोन. जोडून लिहिणे हेच शुद्ध लेखन असल्यामुळे काउंटरवरच्या माणसालाही त्यावर हरकत घेता येत नाही. घाईत लिहिताना मात्र ‘स्टेशन जवळ’, ‘विम्या सह’ असे तोडून लिहिले जाते आणि एका अशुद्ध मोकळ्या जागेपायी एका शब्दाचे पैसे जातात.

सामासिक शब्दही असेच उपयोगी पडतात. ‘एकाच मालकाने वापरलेली’ हे तीन शब्द ‘एकहाती’ या एका शब्दात बसतात आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तो सगळ्यांना समजतो. मधे आडवी रेघ देऊन जोडलेले शब्द मात्र काही वर्तमानपत्रे एक धरतात, काही दोन. हे पहिल्यांदा जाहिरात देतानाच विचारून घ्यावे आणि उत्तर डायरीत लिहून ठेवावे, कारण दर वेळी काउंटरवर वेगळा माणूस असू शकतो.

आकड्यांमध्ये सर्वाधिक बचत होते. ‘बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली’ हे चार शब्द ‘४२,०००किमी’ असे जोडून लिहिले की एकच शब्द राहतो. आता आकडा लिहायचाच आहे तर तो नेमका लिहावा, कारण नेमकेपणाला जास्तीचा शब्द लागत नाही. मीटरवर ४२,३८० असतील तर ‘४२,४००किमी’ लिहावे. चाचणीसाठी गाडी फिरवताना मीटर थोडे पुढे जातेच. म्हणून आकडा खाली ओढण्याऐवजी वर ढकलावा. छापलेल्या आकड्यापेक्षा मीटरवर कमी दिसले तर गिऱ्हाईक खूश होते आणि जास्त दिसले तर त्याला पहिली शंका तिथेच येते. किंमतही अशीच एका शब्दात लिहावी. ‘९.४० लाख’ हे दोन शब्द आहेत, ‘९,४०,०००/-’ हा एक. शेवटच्या तिरक्या आणि आडव्या रेघेमुळे हा आकडा पैशांचा आहे हे कळते आणि ‘किंमत’ हा शब्दही वाचतो.

ओळीवर पैसे घेणाऱ्या वर्तमानपत्रात हा हिशेब फिरतो. तिथे ‘९.४०लाख’ हे ‘९,४०,०००/-’पेक्षा आखूड म्हणून बरे. लांबलचक सामासिक शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही की अख्खा पुढच्या ओळीत जातो आणि मागे रिकामी जागा सोडतो, तिचेही पैसे पडतात. म्हणून शब्द कापायला बसण्याआधी मोजमाप कशाचे आहे ते माहीत हवे.

आवळण्याला मर्यादाही आहे. ‘पे. ऑ. १ ह. टा. न.’ असे लिहिले तर शब्द कमी होत नाहीत, कारण मोकळी जागा सोडून लिहिलेले प्रत्येक अक्षर वेगळा शब्द धरले जाऊ शकते. शिवाय वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘किमी’, ‘एसी’ यांसारखी रोजच्या वापरातली रूपे चालतात. ज्यासाठी वाचकाला क्षणभर थांबावे लागेल असे रूप वापरू नये. रकान्यात शेजारी २०-२५ जाहिराती असतात आणि तो कोडे सोडवत बसत नाही.

आता आपल्या मसुद्याकडे परत येऊ. ‘एकहाती’ने दोन शब्द वाचवले. ‘ऑटोमॅटिक’पुढचा ‘गिअर’ गेला. किलोमीटरमध्ये तीन वाचले. ‘टोयोटा’ही गेला, कारण कोरोला दुसऱ्या कोणाची नसते. मॉडेलचे नाव एवढे प्रसिद्ध नसेल तर कंपनीचे नाव ठेवावे. तसेच त्या पानावर जाहिराती पहिल्या अक्षराच्या क्रमाने किंवा कंपनीवार लावत असतील, तरीही पहिला शब्द कंपनीचाच असावा. ‘आमच्याकडे इतरही अनेक उत्तम गाड्या उपलब्ध’ या सहा शब्दांच्या जागी ‘इतर १५ गाड्या’ हे तीन आले. उरले १७.

‘कर्जाची सोय’ ठेवायचे का, हा खरा पेच आहे. त्या दोन शब्दांनी बजेट अपुरे असलेले लोक फोन करतात. त्यातल्या काहींना कर्ज मिळते, पण बऱ्याच जणांशी बोलण्यात फोनवरचा वेळ जातो. ज्या डीलरकडे फोन घ्यायला स्वतंत्र माणूस आहे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेशी पक्की व्यवस्था आहे, त्याने ते ठेवावेत. ‘हमखास कर्ज’ असे मात्र कधीच छापू नये, कारण कर्ज मंजूर करणे डीलरच्या हातात नसते. इथे हे दोन शब्द काढू आणि त्यांतल्या एकाच्या जागी किंमत आणू. उरले १५, किंमत धरून १६:

‘कोरोला २०१८, पेट्रोल ऑटोमॅटिक, ४२,४००किमी, एकहाती, चारही टायर नवीन, ९,४०,०००/-. इतर १५ गाड्या. अमुक मोटर्स, फोन.’

४७ शब्दांची जाहिरात एक दिवस छापायला जेवढे शब्द लागतात, त्यात एका शब्दाची भर घातली की १६ शब्दांची ही जाहिरात तीन दिवस येते. किंवा त्याच खर्चात तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या तीन जाहिराती देता येतात, आणि डीलरला बहुधा तेच जास्त फायद्याचे ठरते. हा हिशेब प्रत्येक शब्दाला सारखे पैसे पडतात असे धरून केला आहे. सुरुवातीचे ठराविक शब्द एकाच रकमेत येत असतील तर त्या मर्यादेच्या खाली जाण्यात काहीच बचत नाही. समजा मर्यादा २० शब्दांची आहे. मग आपल्याकडे चार शब्द फुकटचे उरतात. ते ‘सुवर्णसंधी’ला देऊ नयेत. ‘स्टेशनजवळ’ हा ठिकाणाचा एक शब्द आणि ‘पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड’ हे तीन, असे चार घालावेत. ठिकाण कळले की किती लांब जायचे याचा अंदाज वाचकाला फोन करण्याआधीच येतो.

किंमत का छापावी

किंमत न छापण्याचे समर्थन नेहमी एकच असते: किंमत नसली की विचारायला तरी फोन येतो. फोन येतात हे खरे आहे. पण ते किंमत विचारण्यापुरतेच असतात आणि आकडा ऐकल्यावर बहुतेक जण ‘कळवतो’ म्हणून ठेवून देतात. दुसरीकडे, ज्याचे बजेट तंतोतंत जुळते असा माणूस किंमत नसलेली जाहिरात महाग असेल असे धरून सोडून देतो, आणि तो गेल्याचे डीलरला कळतही नाही. किंमत हा त्या १६ शब्दांतला सगळ्यात जास्त काम करणारा शब्द आहे. खर्च वाचवायचा म्हणून तो काढणे म्हणजे चाळणीच फेकून देणे.

किमतीपुढे ‘निगोशिएबल’ किंवा ‘किंमत बोलून ठरवू’ असेही लिहू नये. जुन्या गाडीचा भाव करतात हे प्रत्येकाला ठाऊक असते. तो शब्द छापून डीलर पैसे मोजतो आणि छापलेला आकडा आपला नाही हे जाहीर करतो. बोलणी त्या आकड्याच्या खालूनच सुरू होतात.

एकच पुरावा, पण तपासता येईल असा

गाडी, साल, इंधन, गिअर, किलोमीटर, मालक आणि किंमत एवढे झाले की गाडीबद्दल आणखी एकच गोष्ट सांगायला जागा उरते. ती निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. त्या गोष्टीमुळे घेणाऱ्याचा लवकरच होणारा एखादा खर्च टळायला हवा आणि ती त्याला स्वतः मिनिटभरात तपासता यायला हवी. ‘चारही टायर नवीन’ दोन्हीत बसते. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३२४’ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. जाहिरातीत ‘नवीन’ लिहिण्याआधी डीलरने चारही टायरवरचे हे आकडे स्वतः पाहून घ्यावेत. नक्षी खोल दिसते म्हणून जुना टायर नवीन होत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक खाली वाकून तेच आकडे वाचते.

गाडी बदलली की हा पुरावाही बदलतो. खूप चाललेल्या डिझेल गाडीला ‘पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड’ उपयोगी पडते, कारण तिथे वाचकाची भीती इंजिनाबद्दल असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत तो पहिल्यांदा बॅटरीचा विचार करतो, म्हणून बॅटरीची वॉरंटी कोणत्या सालापर्यंत आहे ते लिहावे. घेणाऱ्याच्या मनात त्या गाडीबद्दल सगळ्यात मोठी शंका कोणती हे ओळखायचे आणि उरलेले दोन-तीन शब्द तिला द्यायचे.

काही शब्द आखूड आणि आकर्षक असले तरी जपून वापरावेत. ‘अपघातमुक्त’ हा एकच शब्द आहे, पण ती हमी आहे. डीलरने गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असते आणि पूर्वीचा सगळा इतिहास त्याला माहीत असतोच असे नाही. बॉनेटचे बोल्ट उघडल्याच्या खुणा, दाराच्या रबराखालचा रंग, पुढच्या पट्टीची वेल्डिंग हे तपासून खात्री झाली तरच हा शब्द छापावा. ‘एकहाती’चेही तसेच आहे. गाडी किती जणांच्या नावावर होऊन गेली हे नोंदणीच्या कागदावर पाहूनच लिहावे. मागच्या मालकाने ‘मीच घेतली होती’ असे सांगितले एवढ्यावर भागत नाही.

सालाबाबतही एक खाचखळगा आहे. गाडी २०१७च्या डिसेंबरात बनली आणि २०१८च्या जानेवारीत नोंदली गेली, असे होते. तेव्हा जाहिरातीत बनवण्याचे साल द्यावे. नोंदणीचे साल छापले आणि गिऱ्हाइकाने कागद पाहताना फरक पकडला, तर किंमत तर पडतेच, पण आणखी काय लपवले असेल हा प्रश्न त्याच्या मनात घर करतो.

छापण्याआधी आणि छापल्यानंतर

छोट्या जाहिरातीत चूक झाली तर ती आकड्यांत होते, आणि सगळी जाहिरात आकड्यांवरच उभी असते. एक शून्य कमी पडले की ९,४०,०००ची गाडी ९४,०००ची होते आणि दिवसभर फोन थांबत नाही. फोन क्रमांकात एक आकडा चुकला तर सगळा खर्च पाण्यात, आणि एखाद्या अनोळखी घरात दिवसभर फोन वाजत राहतो तो वेगळा.

मजकूर तोंडी किंवा फोनवरून देत असाल तर आकडे जोडीने सांगू नयेत. मराठीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्रेपन्न’ ऐकताना सहज गल्लत होते. ‘पाच, नऊ’ असा एकेक आकडा सुटा सांगावा आणि समोरच्याकडून परत वाचून घ्यावा. शक्य असेल तिथे मजकूर लिहूनच द्यावा, छपाईआधीची प्रत मागावी आणि तिच्यातला फोन क्रमांक डोळ्यांनी न वाचता बोटाने लावून पाहावा. आपला फोन वाजला तर क्रमांक बरोबर आहे.

जाहिरात अनेक दिवसांसाठी असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच ती काढून वाचावी. चुकीची भरपाई बहुतेक वर्तमानपत्रे पहिल्या दिवसापुरतीच देतात. पुढच्या दिवसांत तीच चूक चालू राहिली तर ती कळवली नाही याची जबाबदारी जाहिरातदारावर येते. याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: गाडी मधेच विकली गेली तर मजकूर बदलता येतो का, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का. अनेक दिवसांच्या सवलतीत हे नसेल तर लवकर विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी ती सवलत महाग पडते.

कोणती जाहिरात चालली हे कळायला वेगळा सांकेतिक शब्द छापायची गरज नाही, त्याचेही पैसे पडतात. एका वर्तमानपत्रात कोरोला आणि दुसऱ्यात वेगळी गाडी दिली की फोन करणारा गाडीचे नाव घेताच तो कुठून आला ते समजते. फोनशेजारच्या वहीत चार रकाने पुरतात: तारीख, गाडी, बघायला आला का, सौदा झाला का. जाहिरातीचा खर्च भागिले बघायला आलेली माणसे, हा आकडा प्रत्येक मजकुरासाठी काढावा. नुसत्या आलेल्या फोनने भागू नये, कारण किंमत नसलेली जाहिरात त्या मोजमापात उगाच वर दिसते. दोन मजकुरांची तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टायरच्या जागी सर्व्हिस रेकॉर्ड घातले आणि त्याच आठवड्यात किंमतही उतरवली, तर फरक कशामुळे पडला हे वहीतून कळणार नाही.

फोन घेणाऱ्याच्या हाताशी छापलेल्या जाहिरातीचे कात्रण चिकटवलेले असावे आणि त्याखाली जाहिरातीत न मावलेली माहिती लिहिलेली असावी: रंग, विम्याची मुदत, किती चाव्या आहेत, कुठे ओरखडे आहेत. पहिलाच प्रश्न ‘ती कोरोला आहे का अजून?’ असा येतो, आणि त्याचे उत्तर फोन घेणाऱ्याला आवारात जाऊन न बघता देता आले पाहिजे.